एकच दोष, चार दुरुस्त्या

पायथन भाषेत वेबसाइट बांधणाऱ्यांमध्ये जँगो हे फ्रेमवर्क चांगलंच रुळलेलं आहे. त्याचा कोड खुला आहे आणि त्यात दुरुस्त्या सुचवणारे लोक जगभर पसरलेले आहेत. २०१९ साली जँगोच्या तक्रारवहीत ३०२५७ क्रमांकाची एक नोंद झाली. वापरकर्त्याचं नाव तपासणारा नियम एका अदृश्य अक्षराला आत सोडतो, अशी ती तक्रार होती. नियम असा होता:

```
regex = r'^[\w.@+-]+$'
```

यातलं `^` म्हणजे मजकुराची सुरुवात, चौकटी कंसात चालणारी अक्षरं आणि `$` म्हणजे शेवट. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अक्षरं, आकडे, अधोरेखा आणि ही चार चिन्हं, दुसरं काही नाही. पण पायथनमध्ये `$` थोडा सैल आहे. मजकुराच्या अगदी शेवटी ‘नवी ओळ’ हे अक्षर असेल, तर त्याच्या आधीच्या जागेलाही तो शेवटच मानतो. त्यामुळे `ramesh` हे नाव चालतं आणि `ramesh` च्या पुढे एन्टर दाबलेलं नावही चालतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी माणसं. यावरचा इलाज म्हणजे `$` च्या जागी `\Z` लिहिणं, कारण `\Z` अशी सवलत देत नाही. जँगोने ३.० या आवृत्तीत `^[\w.@+-]+\Z` हा नियम स्वीकारला.

असा दोष नवख्यांना लगेच खुणावतो. तो वाचून चटकन समजतो, इलाज तक्रारीतच लिहिलेला असतो आणि बदल एका चिन्हाचा असतो. म्हणूनच त्यावर एकापेक्षा जास्त लोक एकाच वेळी काम करू लागतात. मूळ कोडाची आपली प्रत घ्यायची, तीत बदल करायचा आणि ‘हा बदल तुमच्याकडे ओढून घ्या’ अशी विनंती प्रकल्पाकडे पाठवायची, या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती वाचून मूळ कोडात मिसळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात आणि मिसळण्याला मर्ज. एकाच तक्रारीवर अशा दोन-चार विनंत्या येऊन पडल्या, तर मेंटेनरने काय करायचं? हे सांगण्यासाठी मी वरचाच दोष घेतो. दोष आणि त्याची स्वीकारलेली दुरुस्ती खरी आहे. पुढे येणाऱ्या चार पुल रिक्वेस्टी आणि त्यांचे क्रमांक मात्र समजावण्यापुरते कल्पलेले आहेत.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१८ साली चीनमधल्या संशोधकांनी गिटहबवरच्या २६ लोकप्रिय प्रकल्पांमधून दुहेरी पुल रिक्वेस्टींच्या २,३२३ जोड्या गोळा करून अभ्यासासाठी खुल्या केल्या. दुहेरी काम होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. पाठवणाऱ्याने आधी शोधलेलं नसतं, किंवा त्याने आपण काम करतोय हे कुठे कळवलेलं नसतं. एखाद्याने काम हाती घेतल्याची नोंद करून पुढे महिनोन्‌महिने काही केलेलं नसतं, म्हणून दुसरा सरसावतो. त्यात ठरावीक मोसमही असतात. ‘गूगल समर ऑफ कोड’साठी अर्ज करण्याच्या सुमारास आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही सोप्या तक्रारींच्या शोधात असतात, आणि सोपी तक्रार सगळ्यांना एकच सापडते.

आधी शोध

दुहेरी विनंत्या शोधण्याची पहिली पायरी म्हणजे तक्रारीचा क्रमांक. गिटहबवर पुल रिक्वेस्टच्या मजकुरात `Fixes #` लिहून क्रमांक दिला, की त्या तक्रारीच्या पानावर तिचा दुवा आपोआप उमटतो. जँगोच्या तक्रारी ट्रॅक नावाच्या वेगळ्या प्रणालीत असतात, पण तिथेही तक्रारीच्या पानावर संबंधित पुल रिक्वेस्टी दिसतात. म्हणून तक्रारीचं पान खालपर्यंत वाचणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बंद झालेल्या विनंत्याही पाहाव्यात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी हेच करून पाहिलेलं असतं आणि ते का नाकारलं गेलं हे तिथे लिहिलेलं असतं.

पण क्रमांक लिहायला लोक विसरतात. कधी एकाच दोषाच्या दोन तक्रारी असतात आणि दोन विनंत्या दोन वेगळ्या क्रमांकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी कोडातल्या नावाने शोधावं, म्हणजे आपल्या बाबतीत `UsernameValidator` या शब्दाने. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एका ठरावीक फायलीला हात लावणाऱ्या सगळ्या उघड्या विनंत्या काढणं. गिटहबच्या `gh` या साधनाने ते असं करता येतं:

```
gh pr list --limit 500 --json number,title,files \
  --jq '.[] | select(any(.files[];
    .path == "django/contrib/auth/validators.py"))
    | "\(.number) \(.title)"'
```

समजा, या सगळ्या मार्गांनी शोधून चार विनंत्या हाती लागल्या.

पहिली, १०१ क्रमांकाची, सगळ्यांत आधी आलेली. तिच्यात `$` च्या जागी `\Z` केलं आहे, पण फायलीतल्या एकाच वर्गात. दुसरी, १०२, तीन दिवसांनी आलेली. तिच्यात हाच बदल दोन ठिकाणी आहे आणि सोबत चाचण्या आहेत. तिसरी, १०३, खोलात शिरलेली. तिने वापरकर्त्याच्या नावाच्या नियमाला हातच लावलेला नाही. सगळे नियम ज्यावर उभे आहेत त्या `RegexValidator` या मूळ वर्गाची तपासण्याची रीतच बदलली आहे. चौथी, १०४, नियमाच्या त्याच ओळीत देवनागरी अक्षरांची भर घालते.

खरंच एकच आहेत का?

एकच फाईल, एकच ओळ, म्हणजे एकच काम असं नसतं. चौथ्या विनंतीचं कारण वेगळं आहे. पायथनमध्ये `\w` हे ‘कुठलंही अक्षर’ म्हणून वापरलं जातं, पण देवनागरीतल्या मात्रा आणि वेलांट्या त्यात बसत नाहीत. त्यामुळे `शरद` हे नाव जँगोच्या या नियमातून पार होतं, कारण त्यात एकही मात्रा नाही. `सुनीता` मात्र अडकतं. हा दोष खरा आहे, मराठी वापरकर्त्याला तो नव्या ओळीपेक्षा लवकर जाणवेल, पण ३०२५७ शी त्याचा संबंध नाही. दोन विनंत्या दुहेरी आहेत का हे ओळींवरून ठरवू नये. एक मर्ज केली तर दुसरीची गरज उरते का, हे विचारावं. १०२ मर्ज झाल्यावरही `सुनीता` अडकलेलीच राहते. म्हणून १०४ ला या रांगेतून बाहेर काढायचं.

उलट बाजूने, मजकूर वेगळा म्हणजे काम वेगळं असंही नसतं. गिटमध्ये `git patch-id` नावाची आज्ञा आहे. ती मोकळ्या जागा आणि ओळींचे क्रमांक बाजूला ठेवून बदलाचा एक ठसा काढते. दोन बदलांचे ठसे जुळले, तर ते शब्दशः एकच. नक्कल करून पाठवलेल्या विनंत्या यात लगेच पकडल्या जातात. पण एकाने `^` तसंच ठेवलं आणि दुसऱ्याने त्याच्या जागी `\A` लिहिलं, तर ठसे जुळणार नाहीत. या नियमापुरता मात्र दोघांचा परिणाम तंतोतंत सारखा आहे, कारण अनेक ओळींची विशेष सोय चालू केलेली नसेल तर `^` फक्त अगदी सुरुवातीलाच जुळतं. ठसा जुळला तर उत्तर मिळतं. नाही जुळला तर काहीच कळत नाही.

आणखी एक फसगत टाळायला हवी. एकच बदल दोनदा दिसतो, पण एक विनंती मुख्य शाखेसाठी आणि दुसरी आधीच बाजारात असलेल्या जुन्या आवृत्तीसाठी असते. विनंती कुठल्या शाखेवर मर्ज होणार आहे हे पाहिलं, की ती दुहेरी नाही हे कळतं.

एकाच्या चाचण्या दुसऱ्याच्या कोडावर

आता रिंगणात तीन उरल्या. इथे बहुतेक मेंटेनर प्रत्येक विनंती वेगवेगळी वाचतात आणि मनातल्या मनात तुलना करतात. त्यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे एकीच्या चाचण्या दुसरीच्या कोडावर चालवणं. प्रत्येकाने आपल्या चाचण्या आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेल्या असतात, त्यामुळे स्वतःच्या कोडावर त्या हिरव्याच दिसतात. दुसऱ्याच्या समजुतीवर घासल्या की फरक उघडा पडतो.

```
git fetch upstream pull/101/head:pr-101 pull/102/head:pr-102
git checkout pr-101
git checkout pr-102 -- tests/auth_tests/test_validators.py
cd tests && ./runtests.py auth_tests.test_validators
```

म्हणजे कोड १०१ चा, चाचण्या १०२ च्या. परक्याचा कोड आपल्या संगणकावर चालतोय हे लक्षात ठेवून आधी बदल नजरेखालून घालावा, आणि शक्य असेल तर वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्येच चालवावा.

निकाल असा येतो: `ASCIIUsernameValidator` ची चाचणी पास, `UnicodeUsernameValidator` ची नापास. फायलीत दोन वर्ग आहेत. एक फक्त इंग्रजी अक्षरं मानणारा, दुसरा जगातल्या सगळ्या लिप्यांतली. दोघांमध्ये तोच नियम स्वतंत्रपणे लिहिलेला आहे आणि १०१ ने पहिलाच बदलला. त्यातली मेख अशी की जँगोचा वापरकर्ता आपणहून दुसराच वर्ग वापरतो. म्हणजे १०१ मर्ज झाली असती, तरी सर्वसाधारण वेबसाइटवर दोष जसाच्या तसा राहिला असता.

आणि तो राहिला आहे हे कुणाच्या चटकन लक्षातही आलं नसतं. विनंतीच्या मजकुरात `Fixes #` असेल, तर गिटहब मुख्य शाखेत मर्ज होताच तक्रार आपोआप बंद करतं. दुरुस्ती पूर्ण आहे की अर्धी हे त्याला कळत नाही. जँगोच्या रिवाजात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. काम पुरं झालं असेल तर बदलाच्या नोंदीत `Fixed #30257 --` लिहायचं, अर्धंच असेल तर `Refs #30257 --`. दुसऱ्याने तक्रार बंद होत नाही. दुहेरी विनंत्यांमधली एखादी घाईने मर्ज करताना हा शब्द तपासला नाही, तर उरलेल्या विनंत्याही ‘तक्रार बंद झाली’ म्हणून बंद होतात आणि बरोबर असलेली दुरुस्ती त्यांच्याबरोबर जाते.

किती दूरवर हादरे बसतील?

१०३ ची गोष्ट वेगळी. १०२ च्या चाचण्या तिच्या कोडावर चालवल्या तर सगळ्या पास होतात. तिच्या लेखकाचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: `$` ची ही सवलत सगळ्यांनाच कधी ना कधी चावते, मग एका नियमाला ठिगळ कशाला, मूळ वर्गच नीट करू. आजवर `RegexValidator` मजकुरात नियम कुठेही जुळतो का ते पाहत आला आहे, आणि जँगोच्या दस्तऐवजात तसं सांगितलेलंही आहे. १०३ ने अट घातली की संपूर्ण मजकूर नियमात बसला पाहिजे.

पण मूळ वर्ग वापरकर्त्याच्या नावापुरता नाही. जँगोवर साइट बांधणारे लोक स्वतःच्या नियमांसाठी तो वापरतात. एखाद्याने ‘मजकुरात निदान एक आकडा हवा’ म्हणून `RegexValidator(r'[0-9]')` असं लिहिलेलं असेल, तर आजवर `flat12` चालत होतं. १०३ नंतर फक्त एकाच आकड्याचा मजकूर चालेल. `flat12` नाकारलं जाईल. त्या माणसाने आपल्या कोडात काहीही बदललेलं नसताना त्याची साइट मोडेल. म्हणून फक्त संबंधित चाचण्या न चालवता संपूर्ण चाचणीसंच चालवायला हवा. इथे तो चालवला, की मूळ वर्गाच्या जुन्या चाचण्याच लाल होतात. कारण या वर्गाचा मुळातला नियम रिकामा आहे. जुन्या रीतीने रिकामा नियम कशातही जुळतो, नव्या रीतीने तो फक्त रिकाम्या मजकुरात जुळेल.

इथे एक खूण उपयोगी पडते. विनंती पाठवणाऱ्याने जुन्या चाचण्या बदलल्या आहेत का? नव्या चाचण्यांची भर घालणं चांगलं. पण आधीची चाचणी लाल झाली म्हणून तिचं अपेक्षित उत्तरच बदललं असेल, तर तो दोष दुरुस्त करत नाही, वागणूक बदलतो आहे. ती बदलायचीही असेल कदाचित, पण तो वेगळा निर्णय आहे. त्यासाठी वेगळी तक्रार, चर्चा आणि वापरणाऱ्यांना आधी सूचना हवी.

धोका मोजताना दुसरी बाजूही पाहावी लागते: दोष किती दूर पोचलेला आहे? जँगोचे फॉर्म नावाच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा आपणहून कापतात, त्यात ही नवी ओळही जाते. म्हणजे वेबपानावर नाव भरणाऱ्याकडून हा दोष घडत नाही. तो घडतो एखाद्या फायलीतून नावं वाचून थेट तपासणाऱ्या कोडात. एवढ्या अरुंद वाटेने येणाऱ्या दोषासाठी सगळ्यांच्या नियमांना धक्का देणं महाग आहे. निवड १०२ ची होते: दोन ओळींचा बदल, दोन्ही वर्ग, आणि शेवटी नवी ओळ असलेलं नाव नाकारलं जातं हे दाखवणाऱ्या चाचण्या.

आधी आला त्याचं काय?

इथवर मी तारखांचा विचार केला नाही, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १०१ चा लेखक तीन दिवस आधी आला होता, आणि पहिल्याला डावललं तर त्याला ते लागणारच. पण आधी येणं हा दोन सारख्या दुरुस्त्यांमध्ये निवड करण्याचा निकष आहे. अर्धी आणि पूर्ण दुरुस्ती यांच्यातला नाही. १०१ आणि १०२ यांच्यात फक्त चाचण्यांचा फरक असता, तर १०१ लाच ‘चाचण्या जोडा’ असं सांगून ठरावीक दिवस थांबणं रास्त ठरलं असतं. तो उत्तर देतोय का, दुरुस्ती करायला तयार आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. उत्तम कोड पाठवून गायब झालेल्या माणसापेक्षा, उणिवा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी परत येणारा माणूस मेंटेनरला जास्त कामाचा असतो. तक्रार कुणी स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली होती हेही पाहावं. त्याने रीतसर कळवून काम चालू ठेवलं असेल, तर मध्ये शिरलेल्याला आधी त्याच्याशी बोलायला सांगणं योग्य.

निवड न झालेल्या विनंतीतून काही घेतलं असेल, तर त्याचं श्रेय नोंदीतच द्यायची सोय आहे. समजा, १०१ च्या लेखकाने दोष का घडतो हे फार नेमकं लिहिलं होतं आणि ते शब्द मेंटेनरने अंतिम नोंदीत घेतले. तर नोंदीच्या शेवटी `Co-authored-by:` लिहून पुढे त्याचं नाव आणि ईमेल टाकला, की गिटहब त्यालाही सहलेखक म्हणून दाखवतं. ईमेल त्याच्या गिटहब खात्याशी जोडलेला असावा लागतो. नाहीतर ओळ राहते, श्रेय मिळत नाही.

बंद करताना ‘दुहेरी’ एवढाच शब्द लिहून भागत नाही. वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: कुठली विनंती ठेवली, कशामुळे, आणि त्याच्या कामातलं काय उपयोगी पडलं. १०१ ला असं लिहिता येईल: ‘हा दोष `UnicodeUsernameValidator` मध्येही आहे आणि तोच वर्ग आपसूक वापरला जातो. १०२ मध्ये दोन्ही वर्गांचा बदल चाचण्यांसह आहे, म्हणून ती पुढे नेत आहोत. तुम्ही दिलेलं कारण नोंदीत घेतलं आहे.’ १०३ ला सांगायचं की मूळ वर्गाचा प्रश्न विचार करण्यासारखा आहे, पण त्याने चालू साइट मोडतील, म्हणून तो वेगळी तक्रार नोंदवून मांडावा. शिवाय क्रमही महत्त्वाचा: आधी १०२ मर्ज करायची, मुख्य शाखेवर दोष खरोखर गेला हे तपासायचं, आणि मगच बाकीच्या बंद करायच्या. आधी बंद केल्या आणि शेवटच्या क्षणी १०२ मध्ये काही खोट निघाली, तर परत बोलवायला माणसं उरत नाहीत.

उरली १०४. १०२ मर्ज होताच तिला संघर्षाची सूचना येईल, कारण दोघींनी एकाच ओळीला हात लावला आहे. शोधात ती बाकीच्यांबरोबर सापडली होती, आता मर्जही होत नाही. घाईत असलेला मेंटेनर तिलाही दुहेरी समजून बंद करू शकतो. दुहेरी विनंती चुकून उघडी राहिली तर फार तर पसारा वाढतो. दुहेरी नसलेली बंद केली, तर एक खरा दोष वहीतून नाहीसा होतो आणि त्याची दखल घेणारा माणूसही निघून जातो. म्हणून १०४ च्या लेखकाला नव्या ओळीवर आपला बदल पुन्हा बसवायला सांगायचं आणि स्वतंत्र तक्रार नोंदवायला लावायची. तिथे चर्चेला मुद्दे आहेतच. देवनागरीचा सगळा पट्टा, म्हणजे `\u0900-\u097F`, नियमात घातला की मात्रांबरोबर पूर्णविरामाचा दंडही नावात चालू लागतो. तो चालावा की नाही, हे ३०२५७ च्या पानावर ठरवता येणार नाही.